विषय: dhakobabank.in या डोमेनवर मालकाचं नाव चुकीचं आहे, ते बँकेच्या नावावर करणेबाबत

प्रति,
ओनरशिप चेंज बघणारे सर/मॅडम

दि. १२ जानेवारी २०२६

नमस्कार,

मी श्री धाकोबा नागरी सहकारी बँक मर्यादित, जुन्नर इथला मॅनेजर. गेल्या आठवड्यात फोनवर तुमच्या सपोर्टच्या मॅडमशी बोलणं झालं, त्या म्हणाल्या सगळं एकदा मेलवर सविस्तर लिहून पाठवा, मराठीत लिहिलं तरी चालेल. म्हणून मराठीतच लिहितोय, थोडं लांबेल पण अर्धवट लिहिलं की परत तेच प्रश्न येतात आणि तिकीट परत पहिल्यापासून चालू होतं, असं दोनदा झालंय.

मुद्दा एवढाच आहे की dhakobabank.in हे आमच्या बँकेचं डोमेन, २०१२ पासून आम्हीच वापरतोय, पैसे दरवर्षी आम्हीच भरले, पण मालक म्हणून नाव भलत्याचंच आहे. हूइज काढलं की हे दिसतं:

```
Domain Name: dhakobabank.in
Registrant Organization: Dhakoba Computers
Registrant Country: IN
```

हे धाकोबा कॉम्प्युटर्स म्हणजे आमच्या शाखेच्या समोरच्या गल्लीतलं दुकान होतं. शिंदे काका चालवायचे. त्यावेळी बँकेत इंटरनेटचं कळणारं कुणी नव्हतं, काका प्रिंटर रिपेअरला यायचे, त्यांनाच सांगितलं की वेबसाईट करून द्या, त्यांनी केली. डोमेन घेताना फॉर्ममध्ये स्वतःच्याच दुकानाचं नाव, स्वतःचा मेल आणि स्वतःचा मोबाईल टाकला. वाईट हेतू अजिबात नव्हता, त्यांच्या तुमच्याकडच्या एकाच अकाउंटमध्ये गावातल्या दोन शाळा, एक मंगल कार्यालय आणि आम्ही असे सगळेच होतो. काका वर्षाला बिल आणून द्यायचे, आम्ही चेक काढायचो. मालकाच्या रकान्यात काय लिहिलंय हे तेरा वर्षं कुणी उघडून बघितलं नाही, यात चूक आमचीच, ती मान्य.

आता तुमच्या पहिल्या उत्तरात असं आलं की "ऑर्गनायझेशन नेम ऑलरेडी मॅचिंग आहे". साहेब, मॅचिंग नाही. दोन्हीकडे धाकोबा आहे कारण धाकोबा आमच्या डोंगरावरचा देव आहे, इथे बँकेपासून रसवंतीगृहापर्यंत सगळ्यांना त्याचंच नाव. देव सगळ्यांचा असला तरी डोमेन बँकेचं आहे.

दुसऱ्या उत्तरात तुम्ही ट्रान्सफरचा फॉर्म पाठवलात आणि ऑथ कोड जनरेट करा म्हणालात. आम्हाला ट्रान्सफर नकोय. डोमेन तुमच्याकडेच राहू दे, तुमची कंपनी सोडून आम्ही कुठे चाललो नाही. फक्त रजिस्ट्रंट बदलायचाय, म्हणजे जागा तीच, सात-बारावरचं नाव दुरुस्त करायचंय. आणि भांडणाची केस पण नाही, INDRP वगैरेची वाट दाखवू नका, ती दोन पार्ट्या एकमेकांच्या विरोधात असतात तेव्हाची. इथे समोरची पार्टी स्वतः लिहून देतेय की हे आमचं नाही, बँकेचं आहे.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो. काका गेल्या वर्षी जूनमध्ये वारले. दुकान बंद झालं. तुमची सिस्टीम बदल करायचा म्हटलं की जुन्या मालकाच्या मेलवर लिंक आणि मोबाईलवर ओटीपी पाठवते. मेलचा पासवर्ड घरच्यांना माहीत नाही. मोबाईलचं सिम रिचार्ज न केल्याने बंद पडलं आणि तो नंबर कंपनीने दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला. हे मला कसं कळलं, तर परवा मी तो नंबर लावून बघितला, नाशिककडचे एक गृहस्थ निघाले, एकदम सज्जन माणूस, मला म्हणतात, "हो हो, डोमेनचा काहीतरी ओटीपी आलाय मला, सांगू का?"

मी नको म्हणालो. म्हणजे बघा ना, शाखेत दारातच बोर्ड लावलाय की ओटीपी कुणालाही सांगू नका, महिन्याला दोन-तीन सभासद तरी ओटीपी देऊन पैसे घालवून माझ्यासमोर रडत बसतात, आणि मीच एका अनोळखी माणसाकडून गेलेल्या माणसाच्या नावचा ओटीपी घेऊ? काम दोन मिनिटात झालं असतं हे कळतंय मला. आमचे एक संचालक तर अजून मला नावं ठेवतायत. पण उद्या ऑडिटला कुणी विचारलं की मालकाने संमती कधी दिली तर तारीख निघणार काकांच्या मृत्यूनंतरची. तर तो रस्ता आम्हाला नको, आणि तुम्ही पण त्या नंबरवर आता काही पाठवू नका ही विनंती, उद्या तो नंबर अजून तिसऱ्याकडे जाईल आणि तो इतका सज्जन असेलच असं नाही.

घाई का करतोय ते पण सांगतो. रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सगळ्या बँकांना .bank.in वर जायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. आम्ही गेलो, dhakoba.bank.in चालू आहे, ते आयडीआरबीटीकडून घ्यायचं असतं, तिथे बँकेचं लायसन्स आणि बाकी कागद दाखवूनच मिळालं त्यामुळे नाव पहिल्यापासून बरोबर आहे. आता जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्या साईटवर जातो, एवढंच काम जुन्या डोमेनला उरलंय. मग लोक विचारतात की जुनं सोडून द्या ना, कशाला आठ-नऊशे रुपये भरताय. सोडता येत नाही. हजारो पासबुकांच्या मागे, एफडीच्या पावत्यांवर, दरवर्षीच्या कॅलेंडरवर जुनाच पत्ता छापलाय. आमचे निम्मे सभासद नारायणगाव-ओतूर पट्ट्यातले शेतकरी, पावती कपाटात पाच-पाच वर्षं पडून असते, पोरगं मोबाईलवर त्याच्यावरचा पत्ता टाकून बघतं. हे डोमेन सुटलं आणि कुणा भामट्याने घेऊन त्याच्यावर आमच्यासारखं दिसणारं पान टाकलं तर पहिला गिऱ्हाईक तोच पोरगा.

आणि डोमेनची मुदत ९ मार्च २०२६ ला संपतेय. रिन्यूची नोटीस काकांच्या मेलवर जाते. काकांच्या अकाउंटला आम्हाला लॉगिन नाही. म्हणून उशीर परवडत नाही. ग्रेस पिरियड वगैरे असतो हे मला माहितीय पण बँकेचा पत्ता एक दिवस जरी बंद दिसला तरी गावात बँक बुडाली अशी आवई उठायला तेवढं पुरतं, सहकारी बँकांचं सध्या काय वातावरण आहे ते तुम्ही पेपरात वाचताच.

कागदपत्रं सोबत जोडलीत. बँकेचं नोंदणी प्रमाणपत्र, रिझर्व्ह बँकेचं लायसन्स, पॅन, संचालक मंडळाचा ठराव, काकांचा मृत्यू दाखला. दुकान प्रोप्रायटरी होतं, भागीदार कुणी नव्हता, त्यामुळे काकू आणि मुलगा ओंकार दोघांनी मिळून पाचशेच्या स्टँप पेपरवर ना हरकत लिहून दिलीय, नोटरी केलीय (आधी शंभरचा आणला होता, तो आता चालत नाही म्हणून परत जावं लागलं). शिवाय २०१२ च्या पहिल्या बिलापासून दरवर्षीची व्हाउचर आणि चेकच्या नोंदी, फक्त २०१६ चं बिल सापडलं नाही, नोटबंदीच्या गडबडीत कुठल्या गठ्ठ्यात गेलं देव जाणे, पण त्या वर्षीचा चेक खातेउताऱ्यात दिसतो, तो उतारा लावलाय.

ठरावाबद्दल एक सांगायचं राहिलं. त्याची तारीख ५ जानेवारीची दिसेल कारण आधीचा ठराव रद्द करून नवा केलाय. आमच्या क्लार्कने "रजिस्ट्रार" वाचलं आणि पहिला ठराव सरळ सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकांच्या नावे टाईप केला, सहकारात रजिस्ट्रार म्हटलं की आम्हाला दुसरं कुणी आठवतच नाही. पाकीट चिकटवताना माझ्या लक्षात आलं. तर जुना ठराव कुणाच्या हाती लागला तर गोंधळून जाऊ नका.

नाव नेमकं असं टाका, एक अक्षर इकडेतिकडे नको:

```
Registrant Organization: Shri Dhakoba Nagari Sahakari Bank Maryadit
Registrant Email: it@dhakoba.bank.in
```

लायसन्सवर आणि पॅनवर हेच स्पेलिंग आहे. आमच्या जुन्या लेटरहेडवर Shree आणि Co-op Bank Ltd. असं पण आहे, ते धरू नका, एकाच बँकेची तीन नावं फिरतायत त्याला आम्हीच वैतागलोय. तुमच्या फॉर्ममध्ये संस्थेच्या प्रकारात प्रायव्हेट लिमिटेड, पार्टनरशिप, इंडिव्हिज्युअल एवढेच पर्याय आहेत, सहकारी संस्था नाहीच, मी "इतर" निवडलंय, कृपा करून कुणी ते प्रायव्हेट लिमिटेड करू नका, सभासद मला जिवंत ठेवणार नाहीत. मेल मुद्दाम माझ्या नावाचा दिला नाही, मी दोन वर्षांनी रिटायर होतोय, काकांसारखीच वेळ परत पुढच्या मॅनेजरवर यायला नको. आणि मुद्दाम जुन्या डोमेनवरचा पण नाही, तेच डोमेन बंद पडलं तर त्याची नोटीस त्याच्यावरच येऊन काय उपयोग.

नाव बदलताना नेमसर्व्हरला हात लावू नका, रीडायरेक्ट त्याच्यावरच चालू आहे. ट्रान्सफर लॉक आहे तो पण तसाच ठेवा. आणि डोमेन काकांच्या अकाउंटमधून काढून बँकेच्या नव्या अकाउंटमध्ये टाका, अकाउंट मी त्याच it@ मेलवर उघडून केवायसी करून ठेवलंय. फक्त हे एकच डोमेन हलवा, शाळांची आणि मंगल कार्यालयाची तिथेच राहू देत, त्यांचं ओंकार बघतोय, तो तुम्हाला वेगळा मेल करेल. पुढचं रिन्यूअल एकदम पाच वर्षांचं करायचंय, बिल बँकेच्या जीएसटी नंबरवर पाहिजे, आजवर सगळी बिलं दुकानाच्या नावावर निघाली.

खात्री करायची असेल तर व्हिडिओ कॉलला मी, काकू आणि ओंकार तिघं बसू, काकूंना दुपारी जमतं. नाहीतर बँकेच्या लँडलाईनवर फोन करा, नंबर लेटरहेडवर आहे, पण तो लेटरहेडवरून न घेता dhakoba.bank.in वरून बघून लावा, म्हणजे मीच खरा मॅनेजर आहे हे तुम्हाला पण कळेल. साडेदहाच्या आत किंवा चारनंतर, मधे काउंटरला गर्दी असते आणि फोन कॅशियर उचलतो, त्याला यातलं काही माहीत नाही.

आपला,
डुंबरे
मॅनेजर, श्री धाकोबा नागरी सहकारी बँक मर्यादित, जुन्नर, जि. पुणे

ता.क. तिकीट प्लीज बंद करू नका. मागच्या वेळी "४८ तासात कस्टमरकडून उत्तर नाही" म्हणून बंद झालं, त्यातले दोन दिवस चौथा शनिवार आणि रविवार होते, बँकेला सुट्टी असते.