पुण्याला सुखरूप पोहोचलो

काका-काकू, सा. न.

सकाळी घरी पोहोचलो. तुम्ही बांधून दिलेल्या दशम्या आणि तिळाची चटणी भुसावळच्या आधीच संपली.

मे महिन्यातल्या नागपुरात पाच दिवस चौघा पाहुण्यांना सांभाळणं सोपं नाही. कूलरची टाकी भरायला काका रात्री दोनदा उठायचे, हे आम्हाला कळत होतं. खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, नाहीतर खोली दमट होते, हेही त्यांच्यामुळेच कळलं. उन्हातून आल्या आल्या पन्हं हातात यायचं. आईंसाठी त्यात साखर कमी, तीही न सांगता!

काकू, गोळाभात परवा करणार आहे. डाळ भरड वाटायची, भात अर्धा शिजल्यावरच गोळे ठेवायचे, नाहीतर फुटतात. वरून हिंग-मोहरीचं गरम तेल. बरोबर ना? तुमच्यासारखा होणार नाहीच.

चिनूने आपली खोली दिली आणि सीताबर्डीच्या गर्दीत आईंचा हात एकदाही सोडला नाही. तिला खास शाबासकी.

तुमचा स्टीलचा डबा आमच्याकडे आलाय. रिकामा परत करणार नाही. दिवाळीत तुम्ही इकडे या, घेऊन जा.

तुमची,
मीनल