माल उंबऱ्याबाहेरच थांबवा

नमस्कार मंडळी. दुकानं लवकर आवरून आलात, त्याबद्दल आभार. काहींचं शटर अजून अर्धं वर असेल, पोरगं गल्ल्यावर बसलं असेल, म्हणून लांबण लावत नाही.

गणपती तीन आठवड्यांवर आलेत. मंडळांच्या रोषणाईच्या याद्या यायला लागल्या, पाठोपाठ दसरा-दिवाळी. इलेक्ट्रिकल मालाच्या आपल्या तपकीर गल्लीचा खरा सीझन हाच. आणि नेमक्या याच दिवसांत ते पाहुणेही येतात. तुम्ही सगळे त्यांना ओळखता. दुपारी साडेतीनच्या सुमारास, गिऱ्हाईक कमी बघून. बाईक कोपऱ्यावर लावलेली, पाठीला बॅग. बॅगेतून नावाजलेल्या कंपनीची कॉईल निघते, एमसीबीचा डबा निघतो आणि हळू आवाजात वाक्य येतं, "शेठ, डेपोपेक्षा बावीस टक्के खाली देतो. माल ओरिजिनलच आहे, फक्त बिल मागू नका." गेल्या पंधरवड्यात सात-आठ सभासदांनी ऑफिसात येऊन मला हेच सांगितलं. जे आले नाहीत त्यांच्या दुकानात तो गेलाच नसेल, इतका मी भोळा नाही.

माझी एकच विनंती आहे. असा बिनबिलाचा, डुप्लिकेट माल दुकानात घेऊ नका. सॅम्पल म्हणून नको, "ठेवून घ्या, विकला तर पैसे द्या" म्हणाला तरी नको. उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवा. एकदा तो तुमच्या रॅकवर चढला की तो त्याचा राहत नाही, तुमचा होतो.

आता हे टेबलावर काय मांडलंय ते बघा. दोन कॉईल आहेत, दोन्ही दीड स्क्वेअर एमएम, दोन्हींवर ९० मीटर छापलंय. एक डेपोतून पक्क्या बिलावर आणलेली, दुसरी त्या पाहुण्याने एका सभासदाकडे नमुना म्हणून टाकलेली. पेट्या शेजारीशेजारी ठेवल्या तर मलाही फरक कळत नाही, आणि मी काउंटरवर उभं राहून म्हातारा झालो. आता काट्यावर ठेवू. ही पहिली, १ किलो ९०० ग्रॅमच्या आसपास. ही दुसरी, १ किलो १०० ग्रॅम.

आता हिशेब करा. दीड स्क्वेअर एमएम जाडी, ९० मीटर लांबी, तांब्याची घनता घनसेंटीमीटरला जवळपास ९ ग्रॅम. नुसतं तांबंच १ किलो २०० ग्रॅम भरायला हवं. त्यावरचं पीव्हीसी वेगळं. इथे पीव्हीसीसकट अख्खी कॉईल तांब्याच्या वजनापेक्षा हलकी आहे. मग आत काय आहे? ब्लेडने एक तार खरवडली. हे बघा, पुढे या, मागच्यांना दिसणार नाही. वरून तांबूस आणि खाली पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं. म्हणजे दीडची समजून गिऱ्हाईकाने गिझर लावला की वायर तापणार, टोकाशी ढिली होणार, आणि आग लागली की पेपरात "शॉर्टसर्किटमुळे" एवढंच छापून येणार. वायर कुठून घेतली होती हे तेव्हा कुणी विचारत नाही असं आपल्याला वाटतं. हल्ली विचारतात.

तांब्याचा भाव तुम्हा सगळ्यांना रोज सकाळी मोबाईलवर येतो. कॉईलमधल्या तांब्याची किंमत तोंडी काढता येते. त्या तांब्याच्या भावातच कुणी तयार वायर विकत असेल, तर तो माणूस काय दानधर्माला निघालाय?

एमसीबीचं तर विचारूच नका. आमच्या वायरमनने एक फोडून दाखवली. बाहेर कंपनीचं नाव, अँपिअरचा आकडा, आयएसआयचा शिक्का, सगळं ठसठशीत. आत ठिणगी विझवणाऱ्या पट्ट्यांची जाळी असते ना, त्या जागी दोन पत्रे अडकवलेले. अशी एमसीबी घरात बसवली की शॉर्टसर्किटच्या वेळी आतली ठिणगी विझत नाही, आणि असल्या डुप्लिकेट मालात बऱ्याचदा लोड वाढला तरी ती पडतही नाही. गिऱ्हाईकाला वाटतं वा, काय दणकट आहे, सारखी ट्रिप होत नाही!

काही जण म्हणतील, क्यूआर कोड स्कॅन केला, कंपनीचंच पान उघडलं. उघडणारच. कोड खऱ्या पेटीवरून झेरॉक्स मारलेला असतो. दोन-चार पेट्या स्कॅन करा आणि सिरियल नंबर ताडून बघा, सगळीकडे तोच आकडा आला तर काय ते समजा. आपल्या आधी हे वायरमन लोकांना कळतं. पेटीतल्या कोडवर त्यांना पॉइंट मिळतात ना, तो टाकला की "आधीच वापरला आहे" असं येतं आणि ते आपल्याकडे भांडायला येतात. त्यांना दटावून परत पाठवू नका. फुकटचा तपासनीस आहे तो आपला.

दुसरं, बीआयएस केअर ॲप फोनमध्ये नसेल तर आज रात्रीच घ्या. आयएसआय मार्कच्या जवळ सीएम-एल नंबर असतो, तो त्यात टाकला की लायसन्स कुणाच्या नावावर, कुठल्या मालासाठी आणि चालू आहे की बंद, सगळं दिसतं. घरगुती पीव्हीसी वायरला आयएस ६९४ लागू आहे आणि आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नंबर पंख्याच्या कारखान्याचा आणि छापलाय वायरवर, असं निघालं तर बोलणं तिथेच संपवा.

आता कायद्याचं. वकीलसाहेब पुढच्या रांगेत बसलेत, चुकलो तर हात वर करतील. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. खोटा मार्क लावणाऱ्याला कलम १०३, आणि तसा माल विकणाऱ्याला किंवा विकायला ठेवणाऱ्याला कलम १०४. शिक्षा दोघांना सारखीच, ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. "मी थोडाच बनवला" हे तिथे चालत नाही. डीवायएसपी किंवा त्याच्या बरोबरीचा अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊन माल जप्त करू शकतो. सीझनमध्ये, गिऱ्हाईकांसमोर, दुकानात पंचनामा चाललाय, हे चित्र मी वेगळं रंगवून सांगत नाही.

पण त्याच १०४ मध्ये आपल्यासाठी दार ठेवलंय, आणि ते फार कमी लोक वाचतात. दुकानदाराने दाखवून दिलं की आपण योग्य ती सगळी खबरदारी घेतली होती, संशय यायला कारण नव्हतं, आणि माल कुणाकडून घेतला त्याची असेल नसेल ती माहिती मागितल्याबरोबर दिली, तर त्याला सुटका आहे. आता मला सांगा, रोखीत, बिलाशिवाय, बाईकवाल्याकडून घेतलेल्या मालात यातलं काय दाखवणार? त्याचा मोबाईल नंबर? तो दिवाळीनंतर बंद असतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येही तीच गोम आहे. उत्पादक कोण हे कळत नसेल, तर नुकसानभरपाईची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. डुप्लिकेट मालाचा उत्पादक कधी कुणाला कळलाय?

बिल आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. परवा एक बिल माझ्याकडे आलं, त्यावर नुसतं "इलेक्ट्रिकल गुड्स, १ लॉट". ना कंपनी, ना साईज, ना नग. असलं बिल म्हणजे रद्दी. बिलावर ब्रँड, माप, नग असलेच पाहिजेत. नवीन पार्टी असेल तर तिचा पंधरा आकडी जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नोंदणी चालू आहे का बघा, दोन मिनिटांचं काम. रद्द नोंदणीवर बिल फाडलं असेल तर ते तुमच्या टू-बीमध्ये येणार नाही आणि क्रेडिटही जाईल. म्हणजे बावीस टक्के वाचवायला गेलात आणि अठरा टक्के सरकारने काढून घेतले.

तुमच्या मनात काय चाललंय ते मला ऐकू येतंय. "अध्यक्ष, तुमचं बोलायला ठीक आहे, डेपो आम्हाला माल देतो कुठे?" बरोबर आहे तुमचं. मोठ्या साईटवाल्यांना आधी माल, लहान दुकानाला किमान ऑर्डरची अट, सीझनमध्ये नेमकी दीड आणि अडीचची लाल-काळी शॉर्ट, आणि ऑनलाईनवर आपल्या खरेदीपेक्षा कमी भाव. या चोरवाटेने येणाऱ्या मालाला जागा कंपन्यांच्या या वागण्यानेच करून दिली, हे मी त्यांच्या तोंडावर बोललोय आणि पुढेही बोलणार. शुक्रवारी तीन डिस्ट्रिब्युटरना ऑफिसात बोलावलंय. दहा-बारा लहान दुकानांनी मिळून एकत्र ऑर्डर द्यायची आणि प्रत्येकाला वेगळं बिल मिळायचं, एवढं मान्य करून घ्यायचा प्रयत्न आहे. ज्यांना त्यात यायचंय त्यांनी गुरुवारपर्यंत आपला अंदाजे माल लिहून द्यावा.

आणि गिऱ्हाईकाला स्वस्तच हवं असतं, हेही खरं. मग स्वस्त ब्रँड विका ना! आयएसआयवाल्या, कमी नावाच्या कितीतरी चांगल्या वायरी बाजारात आहेत. त्यांच्या नावाने, त्यांच्या भावाने विका. त्यात कमीपणा कसला? मंडळाची पोरं भाव पाडून मागायला येतील, त्यांना सरळ सांगा की बाबांनो, मांडवात कापड, थर्माकोल आणि माणसं असतात, तिथली वायर मी हलकी देणार नाही. अध्यक्षाचं नाव सांगा हवं तर. शिव्या मी खाईन.

एक सावधगिरी मात्र पाळा. स्वस्त दिसला की डुप्लिकेट, असं नसतं. जुना स्टॉक निघतो, कुणी दुकान बंद करतं, स्कीमचा माल खाली येतो. म्हणून कुणाच्या दुकानाचा फोटो काढून ग्रुपवर "हा बघा चोर" असलं काही टाकू नका. उद्या त्यानेच अब्रूनुकसानीची नोटीस पाठवली तर असोसिएशन तुमच्या मागे उभी राहणार नाही, आधीच सांगतो. संशय असेल तर मला किंवा सेक्रेटरींना फोन करा, पेटी ऑफिसात घेऊन या. काटा आणि ब्लेड तिथेच ठेवतोय.

ज्यांच्याकडे असा थोडाफार माल आधीच पडलाय, त्यांनी तो आजच विक्रीतून बाजूला काढा. निम्म्या भावात शेजाऱ्याच्या गळ्यात मारू नका, खेड्यातल्या दुकानदाराला तर अजिबात नको. ज्याच्याकडून घेतला त्याला आणि कंपनीला लेखी कळवा, पोच जपून ठेवा. कसं लिहायचं ते वकीलसाहेब सांगतील, त्यांनी सभासदांकडून फी न घेण्याचं कबूल केलंय, आता सगळ्यांसमोर नाही म्हणता येणार नाही त्यांना.

कॉईल आणि काटा इथेच आहे, चहा घेता घेता स्वतः खरवडून बघा, पोरांनाही दाखवा, काउंटरवर तीच बसतात. पुढचा विषय गणपतीत गल्लीत टेम्पो लावण्याच्या वेळांचा, तो सेक्रेटरी मांडतील.