अनधिकृत वजावटीबाबत सुधारित अर्ज

दि. १४ मार्च २०२४

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
कॉलेज रोड शाखा, नाशिक

विषय : बचत खात्यातून (शेवटचे अंक ४४१७) परस्पर गेलेले २४,८४९ रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

कालच्या अर्जाऐवजी हा अर्ज ग्राह्य धरावा.

१२ मार्चला रात्री ११.४२ वाजता ९,९९९ रुपये व ११.४७ वाजता १४,८५० रुपये डेबिट कार्डावरून ऑनलाइन वजा झाले. शिल्लक ६१,३२० वरून ३६,४७१ वर आली. कार्ड माझ्याच पाकिटात होते. ओटीपी आला नाही, कोणाला सांगितलाही नाही. आले ते फक्त वजावटीचे दोन मेसेज. रात्री १२.०५ वाजता ग्राहक सेवेला फोन करून कार्ड बंद केले, १२.२० वाजता १९३० वर तक्रार नोंदवली.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, त्रयस्थाकडून झालेला असा व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास खातेदारावर भार येत नाही. म्हणून कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत पूर्ण रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावी, ९० दिवसांत निर्णय द्यावा आणि दोन्ही व्यवहारांत पैसे कोणाकडे गेले ते लेखी कळवावे. काउंटरवर 'बघतो' एवढेच ऐकायला मिळाले, तेव्हा या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच द्यावी.

सोबत : खातेउतारा, दोन्ही मेसेजची छायाप्रत, १९३० तक्रारीची पोच.

आपला,
खातेदार, सिडको, नाशिक