काटोलची संत्री आणि फुकटची लाईन

काटोलजवळच्या आमच्या गावात काकांची संत्र्याची बाग आहे, साडेतीनशे झाडांची. विहीर आजोबांच्या वेळची, पंचेचाळीस फुटांची. तिला आधी आडवे बोअर मारले, मग 2016 साली बांधावर सव्वातीनशे फुटांचा उभा बोअर घेतला. विहीर आता मार्चमध्येच तळ दाखवते. मोटरला ऑटो स्टार्टर आहे. रात्री लाईन आली, की मोटर आपोआप सुरू. "रातच्याले पाहाले कोण जाते? लाईन गेली की होते ना बंद," काका म्हणतात.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाच्या मापाने काकांचे काहीच चुकत नाही. राज्यात अनेक कृषिपंपांचे बिल वर्षानुवर्षे मोटरच्या अश्वशक्तीवर ठरत आले. एप्रिल 2024 पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफतच झाली. मोटर दोन तास चालली काय नि आठ तास चालली काय, खर्च तोच. म्हणजे उपशाचा सीमांत खर्च शून्य. त्यात लाईन ठरावीक तासच, तीही बेभरवशाची. मग आली तेवढ्या वेळात ओढून घ्यायचे, हेच शहाणपणाचे ठरते.

विजेला युनिटमागे दर असता, तर खोल गेलेल्या पाण्याने बिलातून ओरड केली असती. एक घनमीटर पाणी 15 मीटरवरून उचलायला, पंपाची कार्यक्षमता 40 टक्के धरली, तर साधारण 0.1 युनिट लागते; 60 मीटरवरून 0.4 युनिट. पातळी खाली जाईल तसा खर्च चौपट होतो, पण तो सरकारच्या अनुदानात जिरतो. शेतकऱ्याच्या हाती पडणारा एकमेव इशारा अनुदानानेच बंद करून टाकला आहे.

तरी सगळा दोष विजेवर टाकणे मला पटत नाही. बोअर फुकट होत नाही. खोदाई, केसिंग, सबमर्सिबल, केबल हा सगळा पैसा शेतकऱ्याच्या खिशातला. ज्याच्याकडे तो आहे, तोच खोल जातो आणि अनुदानित युनिटांचा मोठा वाटाही त्यालाच मिळतो. शेजारच्या धुऱ्यावर जुन्या विहिरीवर भागवणाऱ्याला मोफत वीज आहे, पण उपसायला पाणी नाही. गरिबांसाठी म्हणून दिलेले अनुदान असे खोलीप्रमाणे वाटले जाते. आमच्या भागातला खडक बेसाल्टचा. पाणी वरच्या मुरमात आणि भेगांत, साठा मुळातच थोडका. त्यामुळे एकाच्या बोअरची झळ शेजारच्या विहिरीला लवकर लागते. बाह्य खर्च म्हणतात तो हाच, फक्त तो सोसणारा अनोळखी नसतो, सकाळी चहाला भेटतो.

आणि पीक? कपाशी पावसावर निघते. दुष्काळात गेली, तर एका हंगामाचे नुकसान. संत्र्याला फळ धरायलाच चार-पाच वर्षे लागतात. झाड वाळले तर ती सगळी वर्षे गेली. त्यातही आंबिया बहार: हिवाळ्यात झाडाला ताण द्यायचा, नंतर ओलीत करून फूल काढायचे, आणि फळ झाडावर असताना अख्खा उन्हाळा पाणी द्यायचे, नेमके विहिरी आटतात तेव्हा. मृग बहाराला पावसाची साथ असते, पण फूल त्याच पावसावर अवलंबून. म्हणून बागवाल्याची पाण्याची मागणी ताठर असते. त्याला दर लावला, तरी तो पहिली काही वर्षे फारसे कमी उपसणार नाही, हे धोरण ठरवताना लक्षात घ्यायला हवे.

पंजाबची गोष्ट वेगळी. तिथे भाताला हमीभावाने खरेदीची खात्री आणि 1997 पासून मोफत वीज, दोन्ही एकाच दिशेला ढकलतात. संत्र्याला हमीभाव नाही. भावाची जोखीम शेतकरी घेतो आणि पाण्याची जोखीम जमिनीखाली ढकलतो.

कायदा आहेच. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे, अधिसूचित क्षेत्रात जास्त पाण्याच्या पिकांवर बंदी घालायचीही तरतूद आहे. काकांचा बोअर 99 मीटरचा. गावात कुणी मोजायला आलेले मला आठवत नाही.

मला अधिक व्यवहार्य वाटतो तो पंजाबने 2018 मध्ये आजमावलेला मार्ग: प्रत्येक पंपाला युनिटांचा कोटा, त्यातून वाचलेल्या युनिटांचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात. अनुदान तेवढेच, पण मोटर बंद ठेवण्याला किंमत येते. सौरपंप वाढतील तसे हे अधिकच निकडीचे होईल, कारण दिवसा ऊन असेल तोवर फुकट. गुजरातेत धुंडी गावी सौरपंपधारकांची जादा वीज ग्रीडने विकत घेतली, तेव्हा पाणी ओढण्याला पर्याय उभा राहिला.

काकांना हे सांगितले. त्यांनी पाच अश्वशक्तीच्या मोटरचे आठ तासांचे जवळपास तीस युनिट हिशेबाला धरले, पाच रुपये दर लावून बोटांवर मोजले आणि विचारले, "दीडशे रुपये रोज? उन्हाळ्यात नाही बंद करणार मी. पण पावसाळ्यात कशाले चालू ठेवू?"