देवरावभाऊंना, मयूरीच्या नोकरीबद्दल

नागपूर,
१८ जानेवारी २०२६

प्रिय देवरावभाऊ,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री बारा वाजता चार्ज घेताना तुम्ही रजिस्टरवर सही केली, पेन खिशात ठेवलं आणि म्हणालात, "गजाननभाऊ, मयूरीची ऑर्डर आली. २ फेब्रुवारीला भुसावळला हजर व्हायचं आहे." मी तुमचा हात धरला, पण बोलायला काही सुचेना. तेवढ्यात कॉलनी फीडर ट्रिप झाला, तुम्ही पॅनलकडे वळलात आणि मी घरी निघालो. ग्रुपवर आता अंगठे आणि फुलं पडतच आहेत, त्यात माझंही एक फूल आहे. पण चौदा वर्षांच्या सोबतीला एवढं पुरत नाही, म्हणून हे पत्र.

मनापासून अभिनंदन, भाऊ! तुमचं, वहिनींचं आणि सगळ्यांत आधी मयूरीचं. आपल्या सबस्टेशनच्या यंत्रचालकाची मुलगी रेल्वेत सहायक लोको पायलट झाली. सकाळपासून मी हे वाक्य घरात तीनदा मोठ्यानं म्हटलं आहे.

तुमच्या मुलीशी माझी ओळख तशी दहा-दहा मिनिटांची. पाळी बदलताना तुम्ही आधी सगळं सांगता, कोणत्या फीडरवर किती लोड, कोणाचं परमिट बाहेर आहे, बॅटरी चार्जर काय म्हणतो. आणि बाहेर पडता पडता, चपला घालताना, मयूरीबद्दल एक वाक्य. दहावीत गणिताला किती पडले. सदरच्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलला नंबर लागला. सायकल पंक्चर होती तरी पेपरला वेळेवर पोचली. ती वाक्यं मी कुठं लिहून ठेवली नाहीत, पण एकही विसरलो नाही.

ती पहिल्यांदा डबा घेऊन आली होती, ते तुम्हाला आठवतं का? तिसरी-चौथीत असेल. मे महिना, दुपारचे दोन, यार्डातली गिट्टी तव्यासारखी तापलेली. तुम्ही तिला फाटकाच्या बाहेरच उभं केलं होतं. तिनं जाळीतून ट्रान्सफॉर्मरकडे बघत विचारलं, "बाबा, हा सारखा गुणगुणतो का?" तुम्ही म्हणालात, आतला लोखंडाचा गाभा सेकंदाला शंभर वेळा थरथरतो. मग तिनं विचारलं, खाली दगड कशाला टाकलेत? तुम्ही गुडघ्यावर बसलात आणि तिला समजावलं की जमिनीत करंट उतरला तर तो पायांतून जाऊ नये म्हणून ही गिट्टी असते. ती पोरगी पाच मिनिटं त्या दगडांकडेच बघत राहिली. आठ वर्षांच्या लेकराला एवढं कोणी खरंखुरं उत्तर देत नाही. तुम्ही दिलंत. मला वाटतं, तिची ऑर्डर तिथूनच निघाली होती.

आणखी एक आठवण माझ्यापाशी आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला तिला डिफरन्शियल रिले कळत नव्हता. तुम्ही म्हणालात, भाऊ, तुमचा हात चांगला आहे, जरा आकृती काढून द्या. मी जुन्या लॉगशीटच्या पाठीवर दोन्ही बाजूंचे सीटी, मधे रिले, बाण वगैरे काढून दिले. दोन दिवसांनी तो कागद परत आला. एका सीटीपाशी पेन्सिलनं छोटा गोल होता आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, "काका, इथली पोलॅरिटी उलटी आहे का? असेल तर बाहेरच्या फॉल्टलाही रिले उचलेल." बरोबर होतं तिचं. तो कागद माझ्या कपाटात अजून आहे. भुसावळला जाण्याआधी तिला दाखवायचा आहे.

गेली दोन वर्षं कशी गेली ते मी जवळून पाहिलं. फॉर्म भरला २०२४ च्या जानेवारीत. पहिली परीक्षा नोव्हेंबरात, दुसरी पुढच्या मे महिन्यात. त्या मे महिन्यात तुमच्या घरचा कूलर रात्री बंद असायचा, कारण त्याच्या आवाजात तिचं लक्ष लागत नव्हतं, आणि वहिनी ओला टॉवेल घेऊन तिच्या शेजारी बसायच्या. हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज जड झाला होता. वहिनींच्या या जागरणांचं नाव कुठल्या निकालात येत नाही, म्हणून इथं मुद्दाम लिहितो. त्यांना माझा नमस्कार सांगा.

मग ती संगणकावरची अभियोग्यता चाचणी. तिच्यात प्रत्येक भागात वेगळं ४२ गुण पाहिजेत, एकाही भागात कमी पडले की बाकी सगळं वाया. पोरीनं घड्याळ लावून स्मरणशक्तीचे आणि नजरेच्या वेगाचे सराव केले. तुम्ही नाइटला असताना मधेच फोन यायचा, "बाबा, आज आधीपेक्षा लवकर झालं." तुम्ही ते मला चार्ज देताना सांगायचात आणि मी माझ्या घरी सांगायचो. आमच्याकडेही तिच्या त्या वेळेची वाट बघणारे होते.

पण सगळ्यांत अवघड दिवस मेडिकलच्या आधीचे होते, हे मला माहीत आहे. लोको पायलटला ए-वन मेडिकल लागतं, चष्म्याशिवाय नजर ६/६ पाहिजे आणि रंग तर अजिबात चुकायला नको. वहिनींच्या भावाला लाल-हिरवा ओळखू येत नाही, हे कोणीतरी नेमकं तेव्हाच काढलं. तुम्ही दोन रात्री बोलला नाहीत. लॉगशीटवर तासातासाचे अँपिअर तुमच्याच हातचे होते, पण अक्षर तुमचं वाटत नव्हतं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुम्हाला समजावलं की हा दोष मुलीत यायला आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो, आणि तुमची स्वतःची रंगाची नजर चोख असल्यामुळे मामाचा दोष तिच्यात दिसायचा नाही. त्या दिवशी तुम्ही चार्ज द्यायला आलात तेव्हा आधी हेच सांगितलंत आणि लोड नंतर. चौदा वर्षांत असं एकदाच झालं. तिनं ठिपक्यांतले सगळे आकडे न अडखळता वाचले, हे ऐकून मी देवघरात दिवा लावला होता. आजवर बोललो नव्हतो, आज सांगतो.

लोक बोलले, तेही माझ्या कानावर आहे. मुलगी इंजिनावर काय करणार, रात्रीबेरात्री कुठं जाणार, लग्नाचं काय. तुम्ही कोणाशी वाद घातला नाहीत. आपल्याच सातारच्या सुरेखा यादव सहायक म्हणून इंजिनावर चढल्या तेव्हा या कामात बाईमाणूस कोणी पाहिलंच नव्हतं. पुढं ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन नेली आणि २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. मयूरीच्या टेबलासमोर त्यांचा पेपरात आलेला फोटो चिकटवलेला आहे, तो मी संक्रांतीला तुमच्या घरी तीळगूळ घ्यायला आलो तेव्हा पाहिला. त्याच्याखाली सिग्नलचे चार रंगीत गोल तिनं स्वतः काढले आहेत: लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा.

आणि रात्रपाळीचं म्हणाल, तर ती तिला नवीन नाही. तिनं बापाची नाइट बघितली आहे. सकाळी आठला परतणाऱ्या माणसाला चहा कसा लागतो, दिवसा झोपताना खिडकीला जाड पडदा का लागतो, सणाच्या दिवशी कोणीतरी ड्यूटीवर असतंच, हे तिला कोणी शिकवायची गरज नाही. इंजिनात ती सिग्नल मोठ्यानं उच्चारेल आणि शेजारचे लोको पायलट तो परत उच्चारतील. आपणही फोनवर परमिट देताना समोरच्याकडून शब्द न् शब्द परत म्हणवून घेतो ना? तीच शिस्त आहे, भाऊ. तिच्या डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतील, आपल्या यार्डात ३३ हजार. घरचाच धंदा म्हणायचा.

मयूरीसाठी दोन ओळी, तिला वाचून दाखवा:

बेटा मयूरी, मन भरून आशीर्वाद. रेल्वेचे नियम तुला तिथं शिकवतीलच, मी त्यात काय सांगणार? काकाचं एवढंच मागणं आहे की लाइन बंद आहे असं कोणी तोंडानं सांगितलं तरी अर्थिंग स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात लावायचा नाही, समोर कितीही मोठा साहेब असो. झोप पुरी घे. डबा वेळेवर खा. आणि तो पेन्सिलचा गोल असतो ना, तो काढायला कधी लाजू नकोस.

देवरावभाऊ, आता कामाचं. शेड्यूल बघितलं. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी, दोन्ही रात्री तुमच्या नावावर आहेत. त्या दोन्ही मी करतो. बदलीचा अर्ज लिहून रजिस्टरमध्ये शेवटच्या पानात ठेवला आहे, माझी सही झाली आहे, तुमची करून साहेबांच्या टेबलावर ठेवा. बदल्यात काही नको, माझी पाळी परत करायचा विचारही करू नका. वहिनींना सोबत घ्या आणि तिघं मिळून गाडीनं जा. वर्धा, बडनेरा, अकोला, सगळी स्टेशनं तिला खिडकीतून नीट बघू द्या, पुढं कधी याच रुळांवर ती समोरच्या काचेतून बघेल. तिला होस्टेलवर सोडा, खोली बघा, पाण्याची सोय बघा, घाई करू नका.

इकडची काळजी नको. रात्री दोनच्या रीडिंगला मी चहा करतो, तुमचा कप धुवून जागेवर ठेवीन.

तुमचा,
गजानन

ता. क. घरून संत्र्याच्या बर्फीचा एक डबा दिला आहे, तुमच्या लॉकरवर ठेवतो. तो मयूरीच्या बॅगेत जायचा आहे, होस्टेलच्या नव्या मैत्रिणींसाठी. तुम्ही आणि मी आपली नंतर खाऊ.