खड्डा आधी, कलम मग: माटोळी रोपवाटिकेत पावसाळी रोपे तयार आहेत

मृग लागला की आमच्या फाटकाशी रांग लागते. काजूची पाच कलमे, माडाचे दोन कवाथे, एक मानकुराद. गाडीच्या डिकीत भरले आणि निघाले. पैसे घेण्याआधी आम्ही प्रत्येकाला एकच विचारतो: खड्डा कुठे खणलात, आणि त्यात पाणी किती वेळ राहते?

गोव्यात पावसाळ्यात लावलेली रोपे पाण्याच्या तुटवड्याने क्वचितच मरतात. जांभ्याच्या जमिनीत पहारीने खणलेला खड्डा चारही बाजूंनी घट्ट असतो, म्हणजे ती एक टाकीच होते. जुलैमध्ये पाऊस ओतू लागला की रोप आठ-आठ दिवस पाण्यात उभे राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती काळी पडून कुजतात. वर पाने पिवळी दिसली की माणूस खत घालतो, आणि कुजलेल्या मुळांवर खत पडून उरलेले रोपही जाते.

म्हणून रोप न्यायच्या आदल्या दिवशी हे करा. खणलेल्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. सकाळपर्यंत जिरले तर बिनधास्त या. साचून राहिले तर खड्ड्याच्या भिंती पहारीने खरवडा, तळाला चिरा जाईपर्यंत ठोका आणि उताराच्या बाजूने वीतभर रुंद चर काढून पाण्याला वाट द्या. एवढे करूनही पाणी राहत असेल तर त्या जागी काजू किंवा आंबा लावू नका. तिथे काय चालेल ते इथे आल्यावर सांगू.

काजू: 80 रुपये, 25 पेक्षा जास्त घेतल्यास 70 रुपये

वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 आणि गोवा-1 ही कलमे आहेत. वेंगुर्ला-7 ची बी मोठी, सुमारे 10 ग्रॅमची. वेंगुर्ला-4 ची 7 ते 8 ग्रॅमची. गोवा-1 ही बाळ्ळीच्या एका झाडावरून केलेली निवड. बियांपासून वाढवलेली काजूची रोपे आम्ही विकत नाही. ती स्वस्त पडतात, पण आईसारखी निघतील याची खात्री नसते आणि ते कळेपर्यंत तुमची चार-पाच वर्षे गेलेली असतात.

दोन झाडांत 7 मीटर अंतर ठेवा. खड्डा 60 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. खणताना वरची काळसर माती एका बाजूला आणि खालची पिवळी-तांबडी दुसऱ्या बाजूला टाका. भरताना फक्त वरची माती घ्या, तिच्यात 5 ते 10 किलो पूर्ण कुजलेले शेणखत आणि 200 ग्रॅम रॉक फॉस्फेट मिसळा. शेणखत अर्धे कच्चे असले तर वाळवी हमखास येते. शंका असेल तर खड्ड्यामागे मूठभर निंबोळी पेंड तळाला टाका. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा चार बोटे उंच राहू द्या, पहिल्या दोन पावसांत माती बसते.

कलम लावताना पिशवी खालून आणि एका बाजूने ब्लेडने कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. तळाशी मूळ गुंडाळले असेल तर तेवढाच वेटोळा कापून टाका. तसेच लावले तर झाड पुढे वाऱ्याने कलंडते. जोड मातीपासून किमान 5 सेंटिमीटर वर हवा. जोडावरची प्लास्टिकची पट्टी आम्ही मुद्दाम ठेवलेली असते. कलम लागून नवी पालवी आली की ती सोडा, नाहीतर खोड तिथे आवळले जाते. आणि जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा दिसेल तेव्हा खुडा. तो मूळ रोपाचा असतो आणि जोमाने वाढून कलमाला मारतो. "काजू फोफावला पण बी बारीक" अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा बहुतेक वेळा वरचे कलम केव्हाच मेलेले असते आणि खालचे झाड वाढलेले असते.

डोंगरउतारावर लावत असाल तर झाडाच्या खालच्या बाजूला मातीचा अर्धचंद्राकृती बांध घाला. शक्य असेल तर वरच्या बाजूला आडवा चर खणा, म्हणजे वरून येणारा लोंढा मुळाशी खळगा पाडणार नाही.

माडाचे कवाथे: 150 रुपये

बाणावली जातीचे, 9 ते 12 महिन्यांचे. निवडताना पाने मोजा: किमान सहा हवीत, आणि बुंध्याचा घेर 10 सेंटिमीटर हवा. उंच, सडपातळ कवाथा दिसायला देखणा असतो, पण बुटका आणि जाड बुंध्याचाच घ्या. आम्ही स्वतः निवडून देतो, तरी तुम्हीही बघा.

अंतर 7.5 मीटर. यात तडजोड करू नका, पाच मीटरवर लावलेले माड उजेडासाठी वाकतात. खड्डा मीटरभर, कातळ असेल तर 1.2 मीटर. तळाला सोडणांचे दोन थर पोकळ बाजू वर करून रचा. ती उन्हाळ्यात ओल धरून ठेवतात. त्यावर वरची माती आणि शेणखत घालून खड्डा अर्ध्यापर्यंत भरा. कवाथा त्यात ठेवा आणि नारळ जेमतेम झाकेल एवढीच माती ओढा. मानेपर्यंत पुरलात तर कोंब कुजतो. कडेने मातीचा बांध घाला, बाहेरचे पाणी आत वाहता कामा नये. झाड वाढेल तसा खड्डा दरवर्षी थोडा-थोडा भरत जा.

पाणथळ जागेत, खाजनाच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर लावायचा असेल तर आत्ता नेऊ नका. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरमध्ये या. तुमच्या नावाने कवाथे बाजूला ठेवू, आगाऊ पैसे नकोत.

कोवळ्या माडाला गेंड्या भुंग्याची भीती असते. शेंड्याजवळच्या पानांच्या बेचक्यांत दोन-तीन डांबरगोळ्या ठेवून वर बारीक वाळू टाका, दर 45 दिवसांनी पुन्हा. भुंगा शेणखताच्या उकिरड्यात वाढतो, म्हणून उकिरडा माडापासून लांब हवा आणि उपसताना पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर तिथेच मारा.

पुढच्या वर्षी कातळावर माड लावायचा विचार असेल तर खड्डा या डिसेंबरातच खणा आणि त्यात 2 किलो जाडे मीठ टाकून ठेवा. सहा महिन्यांत कडक जांभा भुसभुशीत होतो.

कुळागराचा माल

फोंडा, सत्तरी आणि सांग्याकडच्या मंडळींसाठी हा भाग थोडा सविस्तर.

मिरीची मुळे फुटलेली रोपे 30 रुपये. पन्नियूर-1 ला उजेड लागतो. माडाखाली, विरळ सावलीत ती छान चालते. दाट पोफळींत ती नुसती वेल वाढवते, घोस येत नाहीत. तिथे करीमुंडा न्या. आधाराच्या झाडापासून 30 सेंटिमीटर अंतरावर, उत्तरेच्या बाजूला लावा म्हणजे दुपारचे ऊन सरळ लागत नाही. एका झाडाला दोन किंवा तीन रोपे पुरतात. मिरीचा शत्रू म्हणजे मर. आज हिरवीगार वेल, पंधरवड्यात पाने गळून सांगाडा. ही बुरशी चिखलाच्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवर चढते. म्हणून जमिनीला टेकणारे फुटवे कापा, बुडाशी पालापाचोळा पसरा आणि भर पावसात मुळांजवळ कुदळ अजिबात चालवू नका. लावतानाच निंबोळी पेंडीत मिसळलेले ट्रायकोडर्मा खड्ड्यात घाला. तयार मिश्रण इथे 40 रुपये किलो आहे.

मंगला जातीची पोफळीची रोपे 40 रुपये, अंतर 2.7 मीटर. आधीच पोफळी असतील त्यांनी कोळेरोगाची फवारणी विसरू नये: पहिली पावसाच्या तोंडावर, दुसरी 40 ते 45 दिवसांनी उघडीप बघून. 10 लिटर बोर्डो मिश्रणासाठी 100 ग्रॅम मोरचूद 5 लिटर पाण्यात विरघळवा, 100 ग्रॅम चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकचीच. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतून ढवळा. घासलेली लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

भिरंडाचे कलम 150 रुपये, जायफळाचे 350. दोन्हींत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी रुजवून केलेल्या भिरंडांतली निम्मी नर निघू शकतात, आणि ते सात-आठ वर्षांनी कळते. आमची कलमे फळणाऱ्या मादी झाडांवरची आहेत. दहा घेणाऱ्यांना एक नर रोप फुकट देतो, परागीकरणासाठी ते लागतेच.

आंबा

मानकुराद 250, हापूस 220, मुसराद आणि हिलारियो 250. खड्डा मीटरभर, अंतर 10 मीटर. पहिली तीन वर्षे येणारा मोहोर खुडा.

परसबाग आणि फ्लॅट

भेंडी, मिरची, वांगी यांची रोपे ट्रेमध्ये आहेत, 3 रुपयांना एक. वाफा जमिनीपासून किमान वीतभर उंच हवा. सपाट वाफ्यात रोपे मातीलगत सडून आडवी होतात. काकडी आणि दोडक्याला फळमाशीचा सापळा लावल्याशिवाय हाती काही लागत नाही; सापळा 60 रुपये. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा, दिवसा त्या दिसत नाहीत.

पणजी-मडगावच्या बाल्कन्यांसाठी: जूनमध्ये कुंड्यांखालच्या ताटल्या काढा आणि कुंड्या दोन विटांवर ठेवा. पावसाळ्यात दोन भाग तांबडी माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग जाडी वाळू असे मिश्रण वापरा. नुसते कोकोपीट स्पंजासारखे ओले राहते. अडेनियम छपराखाली न्या. जुलैत कुंडीला खत घालू नका, ते वाहून जाते, चवथीनंतर घाला. अबोली आणि जास्वंद 40 रुपये, मोगरा 60.

पपई मागू नका. ऑगस्टच्या मध्यापर्यंत आम्ही ती विकतच नाही. साचलेले पाणी तिला एक दिवसही सोसत नाही आणि बुंधा सडतो.

लावून झाल्यावर

रोप आमच्या शेडनेटमधून निघालेले असते. आठ दिवस अर्ध्या सावलीत ठेवा, मग लावा. नेताना पिशवी धरा, खोड नाही. लावल्यावर काठी रोवून सैल आठाच्या गाठीने बांधा. आणि ऑक्टोबरमध्ये, माती ओली असतानाच, बुडाशी पालापाचोळ्याचा वीतभर थर द्या, खोडापासून चार बोटे जागा सोडून. पावसात तगलेली बहुतेक रोपे फेब्रुवारीत मरतात ती या थराअभावी. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला 10 ते 15 लिटर पाणी हवेच.

45 दिवसांत कलम मेले तर खड्ड्याचा आणि रोपाचा फोटो घेऊन या, बदलून देतो. पाणी साचल्याने मेले असेल तर आधी खड्डा दुरुस्त करायला सांगू, मग नवे कलम देऊ.

माशेल बाजारापासून सावईवेऱ्याकडे जाताना डाव्या हाताला आमचे फाटक आहे. सकाळी 8 ते संध्याकाळी 6, जून-जुलैत रविवारीही चालू. 50 हून अधिक रोपांना फोंडा, तिसवाडी आणि डिचोली तालुक्यांत घरपोच आणून देतो, टेम्पोचे 500 रुपये. येताना जमिनीतली मूठभर ओली माती पिशवीत घालून आणा.