अठरा बार

पहाटे चारला साइटवर गेलो ते बार मोजायला नव्हे हां, रात्रभर पाऊस लागला होता, शटरिंगवर पाणी साचलं असणार म्हणून. टिळकवाडीत पॉवर नव्हती, मोबाइलचा टॉर्च लावून वर चढलो. सहाला तयार काँक्रीटची, आरएमसीची पहिली गाडी यायची होती.

पूर्वेच्या बाल्कनीत पाय टाकला तर दोन बारांच्या मधून अख्खा बूट आत गेला. तिथंच पोटात गोळा आला.

ड्रॉइंगमध्ये वरची जाळी १२ एमएमच्या बारांची, दोन बारांत अंतर १२५ एमएम सेंटर टू सेंटर. टेप लावली, २५०. परत लावली, तेच. बाल्कनी साडेचार मीटर लांब, म्हणजे ३७ बार पाहिजेत, मोजले तर १९. एक सोडून एक गायब! आणि ही कॅन्टिलिव्हर, एकाच बाजूनं धरलेली, ताण सगळा वरच्या अंगाला, तिथलंच लोखंड अर्धं, म्हणजे टेकू काढायच्या दिवशी काय होईल ते सांगायला इंजिनिअर कशाला पाहिजे.

शेडमधून बसप्पाला उठवलं. फिटर आहे, माणूस चांगला.

"बार कमी पडले री साहेब. अण्णा म्हणाले, असूं दे, उद्या बघू."

अठरा बार, तीन तीन मीटरचे, सगळे मिळून पन्नास किलोसुद्धा भरत नाहीत.

पण खरी गोची वेगळीच होती. काल संध्याकाळी चेकलिस्टवर सही मी केलेली. आत्तेबहिणीचा साखरपुडा होता शहापुरात, अंधार पडायला लागलेला, खालून बघितलं न् केली सही. कुणाला सांगायचं म्हणजे आधी स्वतःचंच सांगायला लागणार.

अण्णांना फोन लावला. ते आमच्याच गावचे, नोकरी त्यांनीच लावून दिलेली.

"अरे, गाडी भरायला लागली असंल की! पिंट्या, गप घाल स्लॅब, काय होत नाही. वरनं दोन बार टाकून घे."

"अण्णा, प्लांटला मी थांबवायला सांगतोय. आणि कन्सल्टंट साहेबांना फोटो पाठवतोय."

पलीकडनं बराच वेळ काहीच नाही. मग, "तुझ्या बापाला काय सांगू मी?" आणि फोन कट.

प्लांटवाल्यानं शिव्या घातल्या, पण बॅचिंग अजून सुरू झालं नव्हतं, तेवढं नशीब. टेप लावून फोटो काढले, पाठवले, खाली लिहिलं, 'पूर्व बाल्कनी, वरचे १८ बार नाहीत, पोअर थांबवलाय. काल न मोजता सही मीच केली.' पाठवायच्या आधी शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, खोटं कशाला बोलू.

पाच वाजून दहा मिनिटांनी साहेबांचा फोन.

"बाकीच्या तीन बाल्कन्या मोजल्यास?"

"नाही सर."

"मग फोन कशाला धरून बसलायस?"

बसप्पा टेपचं दुसरं टोक धरायला माझ्या आधीच वर गेला होता.